हमीपत्राच्या शर्ती आणि पडद्याचे रसायन

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, जेथे विहीर कितीही खोल खणली तरी पाणी खारेच लागते, तेथे आरओ संयंत्र ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. परंतु त्या संयंत्राचे सर्वांत नाजूक अंग, म्हणजे ज्याला कारागीर सरसकट ‘मेम्ब्रेन’ म्हणतात ती लांबट नळी, खोक्यातून गावी उतरल्यापासून नळाला जोडली जाईपर्यंतच्या काळात अनेकदा अशा रीतीने हाताळली जाते की, पाण्याचा एक थेंब गाळण्यापूर्वीच तिच्यावरील हमी संपुष्टात यावी. मग तक्रार गेली की उत्पादक हमीपत्रातील शर्तींवर बोट ठेवतो आणि ग्राहकाला वाटते की, या शर्ती जबाबदारी टाळण्यासाठीच रचलेल्या आहेत. वास्तविक त्यांतील बहुतेक कलमे पडद्याच्या रसायनातूनच उद्भवलेली असतात, आणि ते रसायन एकदा ध्यानी आले म्हणजे कलमे पाठ करण्याची गरज उरत नाही.

ही नळी म्हणजे मध्यवर्ती सच्छिद्र दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेल्या पडद्यांची गुंडाळी होय. प्रत्येक पडद्यात तीन थर असतात. खाली पॉलिएस्टरचे कापड, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर, आणि सर्वांत वर पॉलिअमाइडचा एक अतिसूक्ष्म लेप. क्षार अडविण्याचे सारे कार्य या शेवटच्या लेपाचे असून त्याची जाडी सुमारे 0.2 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही कमी असते. हमीपत्राने जपावयास सांगितलेली वस्तू ती हीच.

पहिली शर्त ओलाव्याची. बहुतेक औद्योगिक मेम्ब्रेन कारखान्यात पाण्यावर तपासून, सुमारे एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात भिजवून, हवाबंद पिशवीत सील करून पाठविली जातात. एकदा भिजलेला पडदा पुन्हा वाळला की त्याखालील थराची सूक्ष्म छिद्रे हवेने भरतात, काही अंशी आक्रसतात, आणि पुढे कितीही दाब दिला तरी पाणी पूर्वीच्या मानाने उतरत नाही. वाळलेला पडदा अल्कोहोलमिश्रित पाण्यात भिजवून सुधारण्याचे उपाय तज्ज्ञांना ठाऊक आहेत. पण ते उत्पादकाच्या सल्ल्यावाचून करू नयेत आणि त्यांच्या यशाची खात्रीही कोणी देत नाही. सबब माल हाती येताच खोके उघडून पिशवी तपासावी, पण पिशवी फोडू नये. ‘आत काय आहे ते पाहू’ म्हणून कमिटीच्या बैठकीत पिशवीला लावलेली कात्री ही पुढील तक्रारीचे मूळ ठरू शकते. पिशवी प्रवासातच फाटलेली आढळली, तर तिचे छायाचित्र घेऊन पोच देताना पावतीवर तसा शेरा मारावा आणि पुरवठादारास त्याच दिवशी लेखी कळवावे.

मेटाबायसल्फाइट हे द्रावणातील प्राणवायू शोषून घेते आणि जंतूंची वाढ रोखते. परंतु हवेशी संपर्क येत राहिला की ते स्वतःच झिजते आणि द्रावण अधिकाधिक आम्लधर्मी होत जाते. म्हणून मेम्ब्रेन दीर्घकाळ ठेवणे भाग असेल तर दर तीन महिन्यांनी द्रावणाचा सामू पाहावा, असा प्रघात आहे. तो 3 च्या खाली उतरला की द्रावण बदलावे, आणि नवे द्रावण आरओच्या शुद्ध पाण्यात, लिटरला दहा ग्रॅम या प्रमाणात करावे. नळाचे पाणी त्यासाठी चालत नाही. याचे कारण पुढे येईल.

दुसरी शर्त उष्णतेची. साठवणीचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, असे उत्पादक सांगतात. वैशाखात अकोल्याचा पारा 45 अंशांवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही अधिक उकाडा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पंपघरातील फळी ही या खोक्याची जागा नव्हे हे उघड आहे. ग्रामपंचायतीच्या दफ्तरातील सावलीची, दगडी भिंतीची खोली बरी. त्याहून उत्तम म्हणजे जोडणीचा दिवस नक्की झाल्याखेरीज माल मागवूच नये.

तिसरी शर्त क्लोरिनची, आणि खरा घोटाळा येथेच आहे. गावची विहीर टीसीएल पावडरीने निर्जंतुक करणे आणि नळाच्या टोकाला ओटी चाचणीत पिवळा रंग दिसणे, हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य होय. पण जो क्लोरिन माणसास तारतो तोच पॉलिअमाइडचा वैरी. 1960 च्या सुमारास लोब आणि सौरीराजन यांनी घडविलेला सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा थोडाफार क्लोरिन सोशीत असे. त्याची जागा घेणारा पॉलिअमाइडचा पडदा क्षार अडविण्यात सरस, पण क्लोरिनपुढे दुबळा निघाला. पाण्यात 1 पीपीएम मुक्त क्लोरिन असेल, तर सुमारे 200 ते 1000 तासांत लेपाचा ऱ्हास दिसू लागतो. संयंत्र रोज आठ तास चालते असे धरले, तर हा अवधी 25 ते 125 दिवसांचा होतो. पाण्यात लोह असेल तर हानी आणखी लवकर ओढवते. म्हणून कार्बन फिल्टरनंतरच्या पाण्याची ओटी चाचणी घ्यावी आणि तेथे पिवळी छटा मुळीच दिसता कामा नये. जोडणीच्या वेळी रबरी कड्यांना ग्रीस वा खोबरेल न लावता ग्लिसरीन लावावे, आणि पहिल्या तासाचे गाळलेले पाणी टाकून द्यावे, कारण त्यात जपणुकीचे द्रव्य मिसळलेले असते.

आता दावा कसा ठरतो ते पाहू. समजा, पहिल्या दिवशी कच्च्या पाण्याचा टीडीएस 1500 आणि गाळलेल्या पाण्याचा 40 होता, म्हणजे पावणेतीन टक्क्यांहून कमी क्षार पार जात होते. तीन महिन्यांनी तोच आकडा 150 वर, म्हणजे दहा टक्क्यांवर गेला. उत्पादक मेम्ब्रेन परत मागवितो, ती उभी चिरून पडदा उलगडतो आणि फुजिवारा नावाची चाचणी करतो. पडद्यास क्लोरिन चिकटलेला असेल तर या चाचणीत गुलाबी-तांबडा रंग उमटतो आणि दावा तेथेच निकाली निघतो. रंग उमटला नाही, तर प्रश्न उरतो तो पहिल्या दिवशीच्या आकड्यांचा. मेम्ब्रेनचा अनुक्रमांक, माल आल्याची व जोडणीची तारीख, दाब, प्रवाह, पाण्याचे तापमान आणि दोन्ही टीडीएस जर नोंदवहीत नसतील, तर वस्तू मुळात सदोष होती हे कोणत्या आधारावर सिद्ध करणार?

ही नोंदवही मेम्ब्रेनच्या खोक्याबरोबरच विकत आणावी आणि तिच्या पहिल्या पानावर, माल उतरवून घेतला त्याच दिवशी, अनुक्रमांक व पिशवीची स्थिती लिहून सही करावी. हमी टिकविण्याचे याहून स्वस्त साधन नाही.