फॉइल पाऊचचे वर्णन: सुरकुत्या कुठे लिहाव्यात?

मॉकअपसाठी नुसते 'चुरगळलेले फॉइल पाऊच' असे लिहिले, तर सुरकुत्या सगळीकडे सारख्याच दिसतात आणि पाऊच खोटे वाटते. नायट्रोजन भरून फुगवलेले चिवड्याचे पाऊच पाहा. गरम जबड्यांच्या दाबाने त्याच्या सीलवर समांतर रेघा उमटतात आणि सील सपाट राहते. फुगताना मधला भाग अरुंद होतो, पण सीलची रुंदी तीच राहते. ही तफावत सुरकुत्यांत जिरते. म्हणून त्या सीलपाशी सुरू होऊन पोटाकडे विरतात. मॅट पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, त्यामुळे चमक रुंद व मंद लिहावी. छापील अक्षरेही सुरकुतीबरोबर वाकलेली सांगावीत; सरळ राहिली, तर ती वरून चिकटवल्यासारखी दिसतात.