पासबुकातली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळत नाही, तेव्हा काय पाहायचं?

आपल्याकडची बरीच छोटी दुकानं बचत खात्यावरच चालतात. रोजमेळ वहीत लिहिला जातो आणि पासबुक महिन्या-दोन महिन्यांनी भरून आणलं जातं. मग दोन आकडे वेगळे दिसले की कुणी बँकेला दोष देतं, कुणी दुकानावर बसणाऱ्या पोराला. बहुतेक वेळा दोघांचाही कसूर नसतो. फरक कुठल्या ओळीत आहे, ते शोधावं लागतं.

समजा, नळदुर्गला एक बेकरी आहे. 31 मे रोजी वहीप्रमाणे खात्यात 48,250 रुपये हवेत. स्टेटमेंट सांगतं 54,346.30. म्हणजे बँकेत 6,096.30 रुपये जास्तच आहेत! इथे खूश होऊन माल भरायला निघू नका.

वही आणि स्टेटमेंट शेजारी ठेवा. दोन्हीकडे सापडलेल्या रकमेवर पेन्सिलने खूण करत जा. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे असली तरी चालेल, रक्कम मात्र तीच हवी. शेवटी खूण नसलेल्या ओळी उरतात. खरं काम त्यांचंच.

आधी वहीत आहेत पण बँकेत नाहीत, अशा ओळी घ्या. सोलापूरच्या मैदा व्यापाऱ्याला 28 तारखेला 12,000 चा चेक दिला होता, त्याने तो अजून भरलेला नाही. ते पैसे खात्यात दिसतात, पण आपले नाहीत. दुसरी ओळ 31 तारखेच्या क्यूआर कोडवरच्या विक्रीची, 3,840 रुपये. ती कंपनी दिवसभराची रक्कम एकत्र करून दुसऱ्या दिवशी जमा करते, म्हणून ती जूनच्या पानावर येईल. या दोन्हींत चूक कुणाचीच नाही. फक्त पुढच्या महिन्यात त्या आल्या का, ते बघायचं. चेक तीन महिने चालतो, त्यानंतर तो बाद होतो.

आता उलट बाजू. बँकेने 17.70 रुपये एसएमएसचे कापलेत (15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी). मेच्या शेवटच्या आठवड्यात 436 आणि 20 रुपये गेलेत, ते पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे. फॉर्मवर कधी सही केली, हे अनेकांना आठवतच नाही. दोन बँकांतून कपात होत असेल, तर एक बंद करा. दोन हप्ते भरले म्हणून विमा दुप्पट मिळत नाही. या तिन्ही रकमा वहीत खर्चात लिहायच्या.

मग उरला 90 रुपयांचा फरक. फरकाला नऊने भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. इथे 2,450 जमा झाले होते, वहीत 2,540 लिहिले गेले. ही युक्ती शाळेतल्या पोरांनाही शिकवण्यासारखी आहे, असं आम्हाला वाटतं.

शेवटची ओळ महत्त्वाची. यीस्टवाल्याला 1,500 रुपये पाठवताना मोबाईलवर ‘पेंडिंग’ दिसलं, म्हणून पुन्हा पाठवले. स्टेटमेंटमध्ये `UPI/DR` च्या दोन ओळी आहेत आणि दोन्हींचे बारा अंकी नंबर वेगळे. यीस्टवाल्याला त्याचं स्टेटमेंट तपासायला सांगा. दोन्ही नंबर त्याच्याकडे असतील, तर पैसे त्याच्याकडे आहेत; बँकेशी भांडून उपयोग नाही. एकच असेल, तर दुसरा व्यवहार फसलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार खात्यातून खात्यात पाठवलेली अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी, दुकानाच्या क्यूआरवर भरलेली असेल तर पाच दिवसांत. त्यानंतर रोज 100 रुपये भरपाई. तक्रार करताना तो नंबर लिहून द्या, नुसतं “पैसे गेले” म्हणू नका. आपण धरू की यीस्टवाल्याकडे एकच नंबर सापडला.

आता हिशेब लावा. बँकेचे 54,346.30, त्यातून चेकचे 12,000 वजा, क्यूआरचे 3,840 आणि परत यायचे 1,500 मिळवा: 47,686.30. वहीचे 48,250, त्यातून 456, 17.70 आणि 90 वजा: तेही 47,686.30. जुळलं.

यातलं काहीच नसलेली, कुणालाच ओळखू न येणारी कपात सापडली, तर थांबू नका. 2017 च्या परिपत्रकानुसार बँक आणि ग्राहक दोघांचीही चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्याला नुकसान सोसावं लागत नाही. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. फसवणूक असेल तर 1930 ला लगेच फोन करा. म्हणून महिन्याची वाट न पाहता दर जुम्म्याच्या सुट्टीत किंवा सोयीच्या दिवशी आठवड्याची पानं तपासलेली बरी.

आणि एक. बचत खात्यात तिमाहीला व्याजाची ओळ येते. अनेक घरांत ती रक्कम स्वतःसाठी वापरत नाहीत. ती वेगळी लिहिली नाही, तर विक्रीत मिसळून जाते आणि नंतर किती काढायची, ते कळत नाही. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.