युटिलायझेशन ७५ टक्के, पण कशाच्या?

आयटी किंवा सल्लागार कंपनीत काम करणारा माणूस कधी ना कधी घरी सांगतो, 'सध्या बेंचवर आहे.' पगार चालू असतो, पण त्याचा वेळ कोणत्याही ग्राहकाच्या बिलात जात नसतो. या कंपन्यांकडे विकायला माणसांच्या वेळेशिवाय दुसरा माल नसतो आणि आज न विकलेला तास उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. म्हणून किती वेळ विकला गेला, याचा टक्का साहेब लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात. त्याला युटिलायझेशन म्हणतात. ग्राहकाच्या कामावर लावलेले तास भागिले उपलब्ध तास, इतके सोपे ते गणित आहे. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस आपल्या तिमाही निकालांबरोबर हा आकडा देते, आणि तोही दोन प्रकारे: प्रशिक्षणार्थी धरून आणि प्रशिक्षणार्थी वगळून. कंपनी एक, तिमाही एक, आकडे दोन. आणि दोन्ही खरे.

गोम आहे ती 'उपलब्ध तास' कशाला म्हणायचे यात. आठवड्याचे ४० तास धरले, तर ५२ आठवड्यांचे २,०८० होतात. त्यातून रजा आणि सणवार मिळून ३० दिवस काढले, तर उरतात १,८४०. वर्षभरात १,३८० तास ग्राहकाच्या कामात गेले असतील, तर पहिल्या हिशेबाने युटिलायझेशन ६६ टक्के आणि दुसऱ्या हिशेबाने ७५ टक्के. कामात तसूभर फरक नाही. तेव्हा 'आमच्याकडे ८० टक्के असते' असे कुणी सांगितले, तर भागाकाराच्या रेषेखाली काय आहे हे विचारल्याशिवाय तुलना करू नये.

मग बरा आकडा कोणता? नव्याने लागलेल्या सल्लागाराकडून साधारण ८० टक्क्यांच्या आसपास अपेक्षा ठेवतात. मॅनेजरकडून त्याहून कमी आणि भागीदाराकडून आणखी कमी, कारण नवे काम मिळवणे हेच त्याचे काम असते. पण हे ठोकताळे झाले. आपला आकडा आपल्याच खर्चातून काढावा लागतो. समजा, पुण्यातल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत एका माणसावर पगार, जागा, लॅपटॉप आणि कार्यालयाच्या खर्चातला वाटा मिळून वर्षाला २० लाख रुपये जातात आणि त्याचा दर तासाला २,००० रुपये आहे. खर्च भरून निघायला १,००० तासांचे पैसे हातात यायला हवेत. म्हणजे १,८४० पैकी साधारण ५४ टक्के. त्याखाली तोटा, त्यावर नफा.

हे गणित एका गृहीतकावर उभे आहे: लावलेल्या प्रत्येक तासाचे पूर्ण पैसे मिळतात. खरी फसगत इथेच होते. याच कंपनीतले दोन सल्लागार घेऊ. पहिलीकडे चाकणच्या एका कारखान्यात ईआरपी बसवण्याचे काम आहे, ठरलेल्या रकमेचे. १,०३५ तास लागतील असे धरून २० लाख ७० हजारांना ते घेतले होते. कारखान्याने मध्येच मागण्या वाढवल्या, जुना डेटा साफ करण्यात आठवडे गेले आणि प्रत्यक्षात १,३८० तास लागले. तिचे युटिलायझेशन ७५ टक्के. दुसरा सल्लागार तासांवर काम करतो. त्याने १,१९६ तास लावले, म्हणजे ६५ टक्के. थोडी सूट दिल्यावर ९५ टक्के पैसे वसूल झाले: साधारण २२ लाख ७२ हजार.

महिन्याच्या बैठकीत शाबासकी पहिलीला मिळते आणि दुसऱ्याला विचारतात, 'वेळ कुठे जातो?' पण २० लाखांचा खर्च वजा केला, तर पहिलीच्या कामातून उरले ७० हजार आणि दुसऱ्याच्या कामातून २ लाख ७२ हजार. युटिलायझेशन तास मोजते, पैसे मोजत नाही. तासांच्या किमतीपैकी खरोखर किती रक्कम मिळाली, हा वेगळा टक्का आहे. त्याला रिअलायझेशन म्हणतात. पहिलीच्या बाबतीत तो ७५ आहे. वसुली तेवढीच होत असेल, तर खर्च भरून काढायला ५४ टक्के पुरत नाहीत, साडेबहात्तर लागतात. म्हणजे ती जेमतेम काठावर आहे. त्यात दोष तिचा नाही. काम घेताना अंदाज चुकला आणि वाढीव मागण्यांचे पैसे कुणी मागितले नाहीत.

दुसरी अडचण टाइमशीटची. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याची टाइमशीट भरताना माणसासमोर दोन रकाने असतात, ग्राहकाचा कोड आणि अंतर्गत कामाचा कोड. बढती युटिलायझेशनवर ठरत असेल, तर नव्या सहकाऱ्याला शिकवण्यात गेलेले चार तास हळूच ग्राहकाच्या कोडवर जातात. उलटही घडते. ठरलेले तास संपत आले की मॅनेजर म्हणतो, 'या आठवड्यात चाळीसच लिही.' माणूस ५० तास राबतो आणि दहा तास कागदावर येतच नाहीत. पहिल्या प्रकाराने पुढचा अंदाज फुगतो, दुसऱ्याने तो पुन्हा तोकडाच राहतो. सगळ्यांच्या टाइमशीटवर रोज बरोबर आठ तास दिसू लागले, की त्या नोंदी प्रत्यक्ष कामाच्या नाहीत असे खुशाल समजावे.

सरासरी तर आणखी लपवते. चार जणांचे युटिलायझेशन १०५, १००, ६० आणि ३५ असेल, तरी सरासरी ७५ येते. अहवालात आरोग्य ठणठणीत; प्रत्यक्षात दोघे थकून दुसरी नोकरी शोधत असतात आणि दोघांना काम नसते. शिवाय हा आकडा मागचे दाखवतो. जानेवारी ते मार्च सगळे कामात बुडाले, की नव्या कामाचे प्रस्ताव लिहायला कुणाला सवड नसते. मार्चचा टक्का झकास दिसतो आणि जूनमध्ये अर्धी मंडळी बेंचवर बसतात. हाताशी थोडा मोकळा वेळ नसेल, तर अचानक आलेले चांगले कामही सोडावे लागते.

म्हणून युटिलायझेशन फेकून द्यायचे नाही, पण एकटे वाचायचेही नाही. त्याच्या शेजारी रिअलायझेशन हवे, माणसागणिक आकडे हवेत आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी किती तासांचे काम पक्के आहे हेही हवे. युटिलायझेशन चढत असताना माणशी मिळणारी रक्कम जागची हलत नसेल, तर आधी दर, कामाचे अंदाज आणि टाइमशीट तपासाव्यात. माणसांना आणखी जुंपून तो तोटा भरून निघत नाही. आणि तुमच्या मूल्यमापनाच्या कागदावर हा टक्का छापलेला असेल, तर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर विचारा: तो कोणत्या तासांवर काढला आहे, आणि त्या तासांचे पैसे किती आले?