औषधाचे माहितीपत्रक मराठीत आणताना

आपल्यापैकी अनेक बंधूंचे छापखाने आहेत, कोणी डीटीपीचे काम करतो, कोणी इंग्रजी मजकुराचे भाषांतर करून देतो. औषधाच्या खोक्यात निघणारा घडीचा कागदही या धंद्यात येतो. लग्नपत्रिकेत चूक राहिली तर पत्रिका पुन्हा छापता येते. या कागदातील चूक मात्र रुग्णाच्या पोटात किंवा दंडात जाते.

उदाहरणासाठी पुण्याच्या मांजरीकडे पाहू. हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटचा दुसरा मोठा कारखाना येथे आहे. या संस्थेच्या कोव्हिशिल्ड लसीला जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा लस घेणाऱ्यासाठी इंग्रजीत एक माहितीपत्रक निघाले. मराठीत आणताना कोठे पाय घसरतो हे त्यावरून चांगले कळते.

त्रासांच्या यादीत 'फीलिंग सिक' असे शब्द होते. शब्दकोश उघडला तर 'आजारी वाटणे' असा अर्थ हाती येतो. पण हे इंग्लंडमधले इंग्रजी आहे. तेथे 'फीलिंग सिक' म्हणजे मळमळ आणि 'बीइंग सिक' म्हणजे उलटी. 'आजारी वाटणे' यासाठी त्याच यादीत वेगळे शब्द होते. त्यांना मराठीत 'बरे न वाटणे' म्हणता येते. हा फरक न कळणारा भाषांतरकार तीन वेगळ्या त्रासांना एकच नाव देऊन बसतो आणि मळमळ व उलटी कागदावरून नाहीशी होतात. मूळ यादीत पाच त्रास असतील तर मराठीतही पाचच हवेत. ही मोजणी कोणालाही करता येते आणि तिच्यात बऱ्याच चुका सापडतात.

दुसरी अडचण रोगाच्या नावांची. ज्यांना 'ब्लीडिंग डिसऑर्डर' आहे त्यांनी लस घेण्यापूर्वी तसे सांगावे, अशी सूचना होती. याचे 'रक्तस्रावाचा विकार' असे भाषांतर केले तर वाचणाऱ्याला मूळव्याध किंवा पाळीचा त्रास आठवतो. 'जखम झाल्यावर रक्त लवकर न थांबण्याचा आजार' असे लिहिले तर ज्याला तो आहे तो माणूस स्वतःला ओळखतो. शब्द वाढले तरी चालतील. याउलट 'ॲलर्जी' हा शब्द दवाखान्यात रोज ऐकू येतो, तो तसाच ठेवावा. त्याला संस्कृत प्रतिशब्द शोधून दिला तर तो कोणालाच कळत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची, आणि येथे छापखान्याची जबाबदारी मोठी आहे. या लसीचा एक डोस ०.५ मिलिलिटर होता आणि दहा डोसांच्या कुपीत ५ मिलिलिटर लस असे. छपाईत शून्य आणि टिंब गळाले तर एका माणसाच्या डोसाच्या जागी अख्ख्या कुपीचे माप छापले जाते. म्हणून टिंबाआधीचे शून्य कधी सोडू नये, आणि 'अर्धा मिलिलिटर (०.५ मिली)' असे अक्षरांत व आकड्यांत दोन्ही लिहावे.

दोन डोसांमधील अंतर सुरुवातीस ४ ते ६ आठवडे ठरले होते. '४ ते ६ आठवड्यांत दुसरा डोस' असे लिहिले तर कोणी तिसऱ्या आठवड्यातच येईल. 'पहिल्या डोसाला ४ आठवडे पूर्ण झाल्यावर, ६ आठवडे संपण्याआधी' असे लिहिले की घोळ राहत नाही. पुढे मे २०२१ मध्ये सरकारने हे अंतर १२ ते १६ आठवडे केले आणि आधीचा कागद एका दिवसात जुना झाला. यासाठी प्रत्येक पत्रकाच्या तळाशी आवृत्तीचा महिना व वर्ष छापावे, आणि नवी आवृत्ती आली की जुन्या प्रती बाजूला काढाव्यात.

मजकूर तयार झाला की दोन परीक्षा घ्याव्यात. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून घ्यावा आणि मुळाशी ताडून पाहावा. 'आजारी वाटणे'ची चूक येथे लगेच पकडली जाते. पण 'रक्तस्रावाचा विकार' या परीक्षेतून सुखरूप सुटतो, कारण उलट्या भाषांतरात तो बरोबरच दिसतो. म्हणून दुसरी परीक्षा हवी. बेताचे शिकलेल्या दोन-चार माणसांना कागद वाचायला द्यावा. 'समजले का?' असे विचारू नये, कारण सगळे हो म्हणतात. 'दुसऱ्या डोसाला कधी याल? डॉक्टरांना आधी काय सांगाल?' असे विचारावे. उत्तर चुकले तर वाक्य चुकले आहे असे समजून ते बदलावे.

एक मर्यादाही ध्यानात असू द्यावी. मूळ इंग्रजीतच वाक्य संदिग्ध असेल तर भाषांतरकाराने किंवा छापणाऱ्याने आपल्या अंदाजाने अर्थ लावू नये. शंका लेखी विचारावी, कंपनीच्या डॉक्टरांचे उत्तर लेखी घ्यावे आणि अंतिम प्रुफावर त्यांची सही झाल्याशिवाय मशीन सुरू करू नये.