सिकलसेलच्या कामगाराने मॅनेजरला अर्ज कसा लिहावा?

आमच्या पानावर सिकलसेलविषयी याआधी लिहिले गेले ते तपासणी आणि लग्नाच्या अंगाने. कामाच्या ठिकाणी या आजाराचे काय होते, हे मात्र मागेच राहते. मूल शाळेत असते तोवर आई-वडील सांभाळून घेतात. तेच मूल मोठे होऊन एमआयडीसीत, दुकानात किंवा ठेकेदाराकडे कामाला लागते तेव्हा महिन्याला दोन-तीन खाडे पडू लागतात आणि "हा कामचुकार आहे" असा शिक्का बसतो. पुढे हिशेब हातात येतो. नोकरी जाते ती बहुतेक वेळा आजारामुळे नव्हे, तर आजार वेळेवर आणि नीट कागदावर न मांडल्यामुळे. म्हणून या वेळी आम्ही फक्त एका अर्जाविषयी लिहीत आहोत.

शिफ्टचा आणि रक्ताचा संबंध

सिकलसेलमध्ये रक्तातील लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोहोचत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. हातपाय, पाठ, छाती, कुठेही. याला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, फार उष्णता, अंगमोड कष्ट, अपुरी झोप आणि ताप ही क्रायसिस येण्याची नेहमीची कारणे आहेत. आता ही यादी कारखान्याच्या नजरेने वाचा. रात्रपाळी म्हणजे थंडी आणि मोडलेली झोप, भट्टीजवळचे काम म्हणजे उष्णता, पोती उचलणे म्हणजे कष्ट. कामाची वेळ आणि जागा बदलली तर खाडे कमी होतात, ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट मॅनेजरला ठाऊक नसते. सिकलसेलच्या माणसाचे मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही. त्याला वारंवार लघवीला जावे लागते आणि शरीर इतरांपेक्षा लवकर कोरडे पडते. लांबून पाहणाऱ्याला वाटते की हा सारखा काम सोडून उठतो. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पाण्याची बाटली जवळ नसेल आणि उठायला बंदी असेल, तर क्रायसिस ओढवून घेतल्यासारखेच आहे.

आधी रिपोर्ट वाचा : एएस की एसएस?

अर्ज लिहिण्याआधी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा रिपोर्ट हातात घ्या. गावात बोट टोचून केलेली प्राथमिक चाचणी पुरेशी नाही. ती वाहक आणि पीडित यांत फरक दाखवेलच असे नाही. रिपोर्टवर 'AS' असेल तर ती व्यक्ती वाहक आहे. वाहक रोजचे काम इतरांसारखेच करू शकतो आणि त्याच्यासाठी असा अर्ज टिकत नाही. 'SS' असेल तर ती व्यक्ती पीडित आहे. हा अर्ज तिच्यासाठी. सिकलसेलसोबत थॅलेसेमियाचा दोष असेल तरीही असाच त्रास होऊ शकतो. ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीतले एक वाक्य

इथे बरेच जण फसतात. डॉक्टरांकडे जाऊन "साहेब, जड काम जमत नाही असे लिहून द्या" म्हणतात. डॉक्टर लिहितात : 'जड कामासाठी अयोग्य'. मॅनेजर तोच कागद पुढे करून म्हणतो, "तू अयोग्य आहेस, मग ठेवू कसा?" चिठ्ठी उलट्या बाजूने मागावी : 'ही व्यक्ती काम करण्यास योग्य आहे, मात्र पुढील बदल आवश्यक आहेत.' आणि बदल एक-दोन-तीन असे नंबर घालून लिहून घ्यावेत. चिठ्ठीवर तारीख, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा.

एक उदाहरण

समजा, नांदेडच्या एका वस्तीतला अठ्ठावीस वर्षांचा भाऊ लातूरच्या डाळमिलमध्ये पॅकिंगला आहे. मिलमध्ये तीस-पस्तीस कामगार आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. त्याचा रिपोर्ट एसएस आहे आणि तो हायड्रॉक्सीयुरिया घेतो. या गोळ्यांमुळे क्रायसिस कमी होतात, पण रक्तातील पेशींवर लक्ष ठेवण्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. गेल्या हिवाळ्यात त्याचे सात खाडे पडले. त्याने वही काढून पाहिले तर सातपैकी पाच रात्रपाळीच्या आठवड्यातले होते. ही नोंद म्हणजे त्याच्या अर्जाचा कणा. त्याचा अर्ज असा होईल :

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
(मिलचे नाव), लातूर

विषय : आजारामुळे कामाच्या वेळेत बदल मिळणेबाबत.

महोदय,
मी पॅकिंग विभागात चार वर्षांपासून काम करतो. मला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. तो संसर्गजन्य नाही, माझ्यामुळे कोणालाही होत नाही. माझे उपचार नियमित चालू आहेत. गेल्या हिवाळ्यात माझे सात खाडे झाले, त्यातील पाच रात्रपाळीच्या आठवड्यात झाले. थंडी, अपुरी झोप आणि शरीरातील पाण्याची कमतरता यामुळे हा त्रास वाढतो, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तरी मला पुढील सोय मिळावी, ही विनंती :

1. मला कायम दिवसपाळी द्यावी. महिन्याचे एकूण तास तेवढेच राहतील.
2. कामाच्या जागी पाण्याची बाटली ठेवण्याची आणि गरजेनुसार लघवीला जाण्याची परवानगी असावी.
3. रक्त तपासणीसाठी महिन्यातून एक दिवस सुट्टी बदलून मिळावी. तारीख मी आठ दिवस आधी कळवीन.
4. अचानक त्रास झाल्यास माझ्या घरचे कामाची वेळ सुरू होण्यापूर्वी सुपरवायझर साहेबांना फोन करतील.

ही व्यवस्था तीन महिने करून पाहावी आणि त्यानंतर माझी हजेरी तपासून पुढील निर्णय घ्यावा. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. कृपया लेखी उत्तर मिळावे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, तारीख)

या अर्जात काय आहे, काय नाही

गरिबी, लेकरेबाळे, "उपकार करा" यातले काही अर्जात नाही. ते खरे असले तरी मॅनेजरला त्यावर निर्णय घेता येत नाही. त्याला दोन गोष्टी कळायला हव्यात : काम अडणार नाही ना, आणि खाडे कमी होतील का? पहिल्याचे उत्तर 'तास तेवढेच' यात आहे, दुसऱ्याचे सात आणि पाच या आकड्यांत. तीन महिन्यांची मुदत घातल्यामुळे त्याला 'हो' म्हणणे सोपे जाते आणि तुमच्या हातात हजेरीचा पुरावा येतो. सहकाऱ्यांनी "यालाच का सवलत?" म्हटले तर, कोणाशी पाळी अदलाबदल करता येईल हे आधी बोलून ठेवावे. पाण्याची मागणी मात्र सोडू नये. तिला पैसा लागत नाही आणि गुण लगेच येतो.

आजाराचे नाव लिहावे का, हा प्रश्न आम्हाला विचारला जातो. सिकलसेल हा अमुक समाजाचा आजार आहे, असे काही जण मानतात. खरे असे आहे की जिथे पूर्वी मलेरियाचा जोर होता तिथे हा दोष पिढ्यानपिढ्या टिकला, कारण वाहकाला तीव्र मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून तो आपल्याकडे आहे, आदिवासींत आहे, इतर जातींत आहे, आफ्रिका आणि अरबस्तानातही आहे. तरीही कामाच्या ठिकाणी टोमणे बसतील अशी भीती असेल, तर अर्जात 'रक्ताचा जन्मजात, संसर्गजन्य नसलेला आजार' एवढेच लिहावे. पण कायद्याचा आधार घ्यायचा असेल तर नाव लिहावेच लागते.

कायदा किती साथ देतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता आहे आणि सिकलसेल त्यात आहे. प्रमाणपत्रासाठी swavlambancard.gov.in वर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. या कायद्यात 'वाजवी सोय' ही कल्पना आहे : मालकावर न पेलणारा भार न टाकता केलेला आवश्यक बदल. टक्केवारी चाळीसपेक्षा कमी आली म्हणून निराश होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात वाजवी सोयीचा हक्क फक्त चाळीस टक्के आणि त्याहून अधिक असणाऱ्यांपुरता नाही, असे सांगितले.

मर्यादाही समजून घ्या. नोकरीतील दिव्यांग आरक्षणात सिकलसेलचा समावेश नाही. वाजवी सोय देण्याची थेट सक्ती सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी ठिकाणी वीस किंवा अधिक कामगार असतील तर समान संधी धोरण आणि संपर्क अधिकारी असायला हवा. अर्जात त्या धोरणाची प्रत मागता येते. सात-आठ माणसांच्या दुकानात कायद्यापेक्षा समजावणीच कामी येते. सरकारी कार्यालयात ठेकेदारामार्फत काम करत असाल तर अर्ज दोघांनाही द्या, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

अर्ज दिल्यावर

दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर पहिल्या अर्जाची तारीख लिहून स्मरणपत्र द्यावे. दिव्यांग प्रमाणपत्र असूनही अन्याय झाला तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. तिथे ही पोच लागते. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर आजारपणाच्या दिवसांचा मोबदला तिथून मागता येतो, पण त्यासाठी ईएसआयच्याच डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. खाड्याच्या दिवशीच तिथे जावे.

शेवटी, अर्ज मंजूर झाला तरी काही लक्षणांत पाळी संपण्याची वाट पाहायची नाही. 101 अंश फॅरनहाइटच्या वर ताप, छातीत दुखून दम लागणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलण्यात अडखळणे, डोळे एकदम पिवळे होऊन फार अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही दिसले तर काम जिथल्या तिथे सोडून थेट रुग्णालय गाठावे. ही यादी कागदावर लिहून सुपरवायझरकडेही देऊन ठेवा. पडलेल्या माणसाला दारू प्यायलाय समजून बाजूला बसवून ठेवतात, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.