भव्य फलकाची पीडीएफ : खरे माप आणि चित्रघनता

पीडीएफ ही फाइलरचना ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रचारात आणली. तिच्यातील प्रत्येक पानाला स्वतःचे भौतिक माप असते आणि ते पॉइंट या एककात, म्हणजे इंचाच्या बहात्तराव्या भागात, नोंदवले जाते. चौकात लागणारा २० फूट रुंद व १० फूट उंच फ्लेक्स इंचांत २४० × १२० भरतो. पॉइंटमध्ये १७,२८० × ८,६४०. येथेच पहिली अडचण उद्भवते. जुन्या व्यवस्थेत पानाची कोणतीही बाजू १४,४०० पॉइंटांपर्यंतच, म्हणजे २०० इंच किंवा १६ फूट ८ इंच, असू शकत असे. अनेक आज्ञावली आजही ही मर्यादा पाळतात.

या मर्यादेवर दोन उपाय आहेत. पहिला पीडीएफच्या १.६ या आवृत्तीपासून रचनेतच उपलब्ध आहे. त्यात पानाचे मूळ एकक किती पटींनी मोठे समजावे, हे पानासोबतच लिहिता येते. आपल्या फलकासाठी ती नोंद अशी होईल :

```
/MediaBox [0 0 1728 864]
/UserUnit 10
```

येथे आकडे दहापट लहान आहेत, पण एकक दहापट मोठे असल्यामुळे पानाचे माप २४० × १२० इंचच ठरते. मात्र ही नोंद न वाचणाऱ्या छपाई-आज्ञावलीतून अवघा २ फूट × १ फूट फलक बाहेर पडतो. म्हणून फाइलच्या गुणधर्मांत पानाचे माप २४० दिसते की २४, हे छपाईच्या संगणकावरही पाहून घ्यावे.

दुसरा उपाय प्रमाणबद्ध आराखड्याचा. फलक एक दशांश मापात रचायचा आणि छापताना १००० टक्के मोठा करायचा. हे प्रमाण फाइलच्या नावातच लिहावे, म्हणजे छापणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

पानावरील घटकांचे दोन वर्ग पडतात. अक्षरे, बोधचिन्हे व सपाट रंगपट्टे हे रेषाधारित, म्हणजे व्हेक्टर, घटक आहेत. ते गणिती वक्रांच्या रूपात साठवलेले असल्याने कितीही मोठे केले तरी त्यांच्या कडा रेखीव राहतात आणि फाइलही फुगत नाही. छायाचित्र मात्र चित्रबिंदूंचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते. अख्खा फलक एकच छायाचित्र म्हणून साठवला की अक्षरेही बिंदूंची होतात; मग फाइल जड होते आणि कडाही धूसर होतात. पडद्यावर ६४०० टक्के मोठे करून पाहिल्यावर अक्षराच्या कडेला पायऱ्या दिसल्या, तर हाच दोष झाला आहे असे समजावे.

छायाचित्राला प्रत्यक्ष मापात इंचामागे किती बिंदू हवेत, हे पाहण्याच्या अंतरावरून ठरते. सामान्य निकोप दृष्टी सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा ओळखते. त्यानुसार एक मीटरवरून इंचामागे सुमारे ८७ बिंदू पुरतात, तर पाच मीटरवरून १७ ते १८. पुस्तकातील ३०० बिंदूंचा दंडक येथे लागू केला, तर संपूर्ण फलकाचे २५९ कोटी २० लाख बिंदू होतील आणि चार शाईंच्या नोंदीसह असंपीडित चित्र सुमारे १० जीबी भरेल. इंचामागे ५० बिंदू घेतले, तर तेच चित्र २८८ एमबी होते. पाच मीटरवरील प्रेक्षकासाठी ही घनताही गरजेच्या जवळजवळ तिप्पट आहे.

एरवी संपूर्ण फलक छायाचित्राने व्यापलेला नसतो. त्यावर ५ फूट रुंदीचा एक उभा फोटो असेल, तर ६० इंचांना ३,००० बिंदू लागतात. मोबाइलचा ३,००० × ४,००० बिंदूंचा मूळ फोटो तेवढे पुरवतो. संदेशवहनाच्या ॲपवरून आकसून आलेला १,२०० बिंदू रुंदीचा फोटो मात्र इंचामागे २० बिंदूंवर येतो. संगणकावर तो ताणल्याने बिंदू वाढतात, हरवलेला तपशील परत येत नाही. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा.

सर्वांत फसवा दोष निर्यातीच्या वेळी घडतो. एक दशांश आराखड्यात ३,००० बिंदू रुंदीचा तो मूळ फोटो ५०० घनतेचा दिसतो. छपाईसाठीच्या प्रचलित पूर्वनियोजित मांडणीत ४५० हून अधिक घनतेची चित्रे ३०० वर उतरवली जातात. ती जशीच्या तशी वापरल्यास प्रत्यक्ष फलकावर ५० ऐवजी ३० बिंदू उरतात. म्हणून दशांश मापात काम करताना ही घट बंद करावी. सावलीसारख्या परिणामांची घनताही दशांश आराखड्यात ५०० आणि पूर्ण मापात ५० ठेवावी. पूर्ण मापात ती ३०० राहिली, तर मोठी सावली एकटीच फाइल फुगवते.