बसणं, उभं राहणं, चालणं : कचेरीतल्या उष्मांकांचा हिशेब

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना हल्ली दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे उभ्याने काम करता येईल असं उंच टेबल, म्हणजे स्टँडिंग डेस्क. दुसरा म्हणजे टेबलाखाली ठेवायची छोटी ट्रेडमिल. दोन्हींच्या जाहिरातीत ‘जास्त कॅलरी जळतात’ असं लिहिलेलं असतं. पण किती जास्त? याचं उत्तर कागद-पेन्सिल घेऊन घरच्या घरी काढता येतं. मात्र ते काढताना एक ओळ चुकली, तर उत्तर दहापट चुकतं.

हिशेबाचं एकक आहे मेट. शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागला, तर तो खर्च १ मेट धरायचा. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची गरज साधारण एवढी असते, असं मानून हा आकडा ठरवला गेला. एक लिटर प्राणवायू वापरला गेला की शरीरात जवळपास ५ उष्मांक, म्हणजे किलोकॅलरी, खर्च होतात. त्यामुळे १ मेट म्हणजे दर किलोला तासाला जवळपास १ उष्मांक. झोपण्यापासून धावण्यापर्यंत शेकडो कामांची मेट-मूल्यं बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एका कोष्टकात एकत्र केली. पुढे २०००, २०११ आणि २०२४ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. इथले आकडे २०११च्या आवृत्तीतले आहेत.

आता ६५ किलो वजनाची, बँकेत आठ तास टेबलाशी बसणारी एक व्यक्ती घेऊ. बसून करायच्या हलक्या कामाला कोष्टक १.५ मेट देतं. म्हणजे तासाला १.५ × ६५ = ९७.५ उष्मांक आणि आठ तासांचे ७८०. पुढची सगळी तुलना या पायावर उभी राहील.

ही व्यक्ती उभी राहिली तर? कोष्टकात ‘उभ्याने हलकं काम’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे ३ मेट लिहिलेले आहेत. ही ओळ उचलली की तासाला १९५ उष्मांक येतात, म्हणजे बसण्याच्या दुप्पट, आणि चार तासांत ३९० उष्मांक जादा. उभ्या टेबलाची बाजू मांडणारे मोठे आकडे या वाटेने निघू शकतात. पण ती ओळ आहे दुकानातल्या विक्रेत्यासारख्या कामाची. तो मांडणीवरून माल काढतो, वाकतो, दोन पावलं इकडे, दोन तिकडे करतो. संगणकासमोर उभा राहिलेला माणूस फक्त बोटं हलवतो. त्याच्या जवळची ओळ आहे ‘स्वस्थ उभं राहणं, रांगेत उभं राहणं’, आणि तिच्यापुढे आहेत १.३ मेट. ‘स्वस्थ बसणं’ या ओळीपुढेही १.३च आहेत! म्हणजे एका ओळीप्रमाणे उभं राहणं दुप्पट खर्चाचं ठरतं, तर दुसरीप्रमाणे त्यात काहीच फरक नाही.

अशा वेळी प्रत्यक्ष मोजमापाकडे जावं लागतं. तोंडावर मुखवटा लावून श्वासातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे अनेक प्रयोग झाले आहेत. त्यांतल्या ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बसण्या-उभं राहण्यातला सरासरी फरक निघाला मिनिटाला ०.१५ उष्मांक, म्हणजे तासाला ९. स्त्रियांमध्ये तो मिनिटाला ०.१, तर पुरुषांमध्ये ०.१९ होता. आपल्या उदाहरणात ९ला ६५ने भागलं की फरक येतो जेमतेम ०.१४ मेट. चार तास उभं राहिलं तर ३६ उष्मांक. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ उष्मांक असतात, म्हणजे ही झाली ९ ग्रॅम साखर, चहातले दोन छोटे चमचे.

फरक इतका कमी का? सरळ उभं असताना शरीराचा भार एकावर एक आलेल्या हाडांवर आणि सांध्यांच्या बंधांवर पेलला जातो. तोल सावरायला पोटऱ्यांचे आणि पाठीचे स्नायू थोडेसे ताणलेले राहतात, बाकीचे जवळजवळ मोकळेच असतात. चालताना मात्र प्रत्येक पावलाला सगळं शरीर किंचित वर उचललं जातं, पाय पुढे फेकला जातो आणि मांड्यांचे मोठे स्नायू आळीपाळीने आवळतात, सैल होतात. खर्च होतो तो इथे.

सावकाश चालण्यासाठी कोष्टकात दोन ओळी आहेत. तासाला ३.२ किलोमीटरपेक्षा कमी वेगाला २ मेट आणि बरोबर ३.२च्या वेगाला २.८. वेग किंचित वाढला म्हणून शरीराचा खर्च असा एकदम उडी मारत नाही. ही पायरी कोष्टकाच्या रचनेतून आली आहे. म्हणून मधल्या वेगासाठी व्यायामशास्त्रातलं एक सोपं सूत्र वापरावं. सपाट जमिनीवर मिनिटाला जितके मीटर चालतो त्याचा दहावा भाग घ्यायचा, त्यात ३.५ मिळवायचे आणि बेरजेला ३.५ने भागायचं. तासाला ३ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५० मीटर. ५ अधिक ३.५ म्हणजे ८.५, त्याला ३.५ने भागलं की साधारण २.४ मेट. हे सूत्र याहून मंद वेगाला तितकंसं भरवशाचं नाही.

आता ट्रेडमिलच्या पडद्यावर तासाभरात २.४ × ६५ = १५६ उष्मांक दिसतील. पण बसून राहिलं असतं तरी ९७.५ खर्च झालेच असते. चालण्याची खरी कमाई आहे दोहोंतला फरक, ५८.५. पडद्यावरचा पूर्ण आकडा ‘जादा जळाले’ म्हणून धरणं ही या हिशेबातली नेहमीची चूक. ती ओळखायची खूण सोपी आहे : आकड्यातून बसण्याचा खर्च वजा केला आहे का, ते पाहावं.

मेट हे ठरवून घेतलेलं एकक आहे, हेही ध्यानात ठेवावं. २००५ साली ७६९ प्रौढांवर केलेल्या मोजमापात विश्रांतीचा खरा खर्च सरासरी दर किलोला तासाला ०.८४ उष्मांकच निघाला. म्हणून वरचे आकडे ‘साठच्या आसपास’, ‘दहाच्या आत’ असेच वाचावेत. दशांशावर भरवसा ठेवू नये.

वर्षाला २४० कामाचे दिवस धरले, तर रोज चार तास उभं राहून ८,६४० उष्मांक होतात आणि रोज तासभर चालून सुमारे १४,०००. एक किलो चरबीला सुमारे ७,७०० धरले, तर कागदावर अनुक्रमे १.१ आणि १.८ किलो. प्रत्यक्षात यातला काही भाग वाढलेल्या भुकेत आणि संध्याकाळच्या थकव्यात परत जातो. शिवाय तासन् तास एका जागी उभं राहिल्याने पाय दुखतात, पायांत रक्त साचून शिरा फुगण्याचा त्रासही बळावतो. म्हणजे चार तास उभं राहण्याची किंमत मोठी आणि मोबदला लहान.

चालण्याचा तासही सलग काढावा लागत नाही. २०१२ सालच्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात जास्त वजनाच्या १९ जणांना गोड पेय देऊन पाच तास बसवलं होतं. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं, तासाला ३.२ किलोमीटरच्या चालीने चालवल्यावर त्यांच्या रक्तातल्या साखरेची वाढ सलग बसण्याच्या तुलनेत सुमारे २४ टक्के कमी राहिली. त्यांचं एकूण चालणं होतं अवघं २८ मिनिटांचं. ६५ किलोच्या माणसाला तेवढ्यात जादा उष्मांक मिळतील चाळीसच्या आत-बाहेर, म्हणजे चार तास उभं राहून मिळतात जवळजवळ तेवढेच.

म्हणून उंच टेबलासाठी पैसे मोजण्याआधी फोनवरची बोलणी चालत उरकायची सोय पाहावी, पाण्याची बाटली लहान ठेवून ती भरायला दर थोड्या वेळाने उठावं. पाठ अवघडते म्हणून आलटूनपालटून उभं राहावंसं वाटलं, तर खुशाल राहावं, तो आराम खरा आहे. वजनाच्या हिशेबात मात्र मोजावीत ती पावलंच.